|3x + 6| ≤ 12 : संख्यारेषेवर केंद्र कुठे धरायचं?

माळवी_मंजू (इंदूर)

नमस्कार मंडळी. मुलगी अकरावीत आहे, सीबीएसई. घरी तिचं गणित मी बघते. माझं बीएस्सी गणितातच झालंय, पण आमच्या वेळी मॉड दिसला की दोन केस करायच्या आणि सोडवायचं, एवढंच होतं. तिच्या सरांनी वर्गात वेगळी वाट दाखवली. |x − 5| < 3 म्हणजे 5 पासून ज्यांचं अंतर 3 पेक्षा कमी आहे असे सगळे बिंदू, म्हणून उत्तर 2 ते 8. हे तिला इतकं पटलं की आता ती प्रत्येक गणिताला आधी रेषाच काढते.

काल गृहपाठात |3x + 6| ≤ 12 आलं. तिनं −6 वर केंद्र धरलं, दोन्ही बाजूंना 12 मोजले आणि −18 ते 6 असं उत्तर लिहिलं. केस करून मात्र −6 ते 2 येतं. x = 6 टाकलं तर मॉडची किंमत 24 होते, तेव्हा रेषेवरचं उत्तर चुकलंय हे तिलाही दिसतंय. पण तिचा प्रश्न असा की अंतराची गोष्ट खरी असेल तर ती इथे फसली का? "जाऊ दे, केस करून सोडव" असं सांगून मला तो प्रश्न मिटवायचा नाही. कोणी नीट समजावेल का?

झटपट११

ताई, यात काहीच नाही. लहानचं चिन्ह असेल तर मधे, मोठ्याचं असेल तर बाहेर. −12 ≤ 3x + 6 ≤ 12 लिहा, सगळीकडून 6 वजा करा, 3 ने भागा. −6 ते 2. मी विजयनगरला क्लासमध्ये मुलांना हेच सांगतो. स्पर्धा परीक्षेत एका प्रश्नाला दीड-दोन मिनिटं मिळतात, तेवढ्यात रेषा काढत बसलं तर पुढचे प्रश्न राहतात.

माळवी_मंजू

धन्यवाद, उत्तर आलंय आमचंही. तिला कारण हवंय.

सरळरेषा (इंदूर, निवृत्त प्राध्यापक)

मंजूताई, मुलीनं काढलेलं चित्र चुकीचं नाही. ते x चं चित्र नाही, इतकंच. हे जरा सावकाश बघू, कारण इथे घाई झाली की मुलं ही पद्धतच सोडून देतात.

|x − 5| हे 5 पासूनचं अंतर का असतं? कारण मॉडच्या आत दोन संख्यांची वजाबाकी आहे, आणि वजाबाकीचं चिन्ह टाकून दिलं की उरतं ते दोघांमधलं अंतर. आता 3x + 6 मध्ये कोणत्या दोन संख्यांची वजाबाकी आहे? 3x + 6 म्हणजे 3x − (−6). तेव्हा |3x + 6| म्हणजे 3x आणि −6 यांच्यामधलं अंतर. हे वाक्य पूर्ण खरं आहे. ते 12 च्या आत हवं, म्हणून 3x ही संख्या −18 आणि 6 यांच्यामध्ये बसली पाहिजे. तुमच्या मुलीला नेमकं हेच मिळालं! फक्त रेषेवर जो बिंदू इकडेतिकडे फिरतोय तो 3x आहे, x नाही. 3x जर −18 ते 6 मध्ये असेल तर x कुठे असेल? त्याच्या तिसऱ्या हिश्शात: −6 ते 2. दोन्ही उत्तरं एकमेकांना भेटली.

सरळ x चंच चित्र हवं असेल तर 3 आधी बाहेर काढायचा. 3x + 6 = 3(x + 2), म्हणून |3x + 6| = 3|x + 2|. मग 3|x + 2| ≤ 12, म्हणजे |x + 2| ≤ 4. आता x एकटा आहे, आणि x + 2 म्हणजे x − (−2). केंद्र −2, त्रिज्या 4. डावीकडे 4 गेलो की −6, उजवीकडे 4 गेलो की 2.

तिला एक ताळा शिकवून ठेवा. केंद्र म्हणून जी संख्या धरली ती x च्या जागी टाकायची. मॉड शून्य झाला पाहिजे. तिनं −6 धरलं होतं, तिथे 3(−6) + 6 = −12, शून्य नाही, म्हणजे रेषेवर एकही टोक मांडण्याआधीच चूक कळली असती. −2 टाकलं की शून्य येतं. मग दोन्ही टोकं टाकून पाहायची, तिथे मॉडची किंमत बरोबर 12 यायला हवी: −6 ला 12, 2 लाही 12. एवढं जमलं की उत्तर पक्कं.

माळवी_मंजू

सर, हे वाचून दाखवलं आणि ती लगेच म्हणाली, "म्हणजे मी 3x चा पत्ता काढला होता." मनापासून आभार. |5 − x| असं उलटं लिहिलेलंही तिला अडवायचं, ते आता ती स्वतःच म्हणतेय की दोघांमधलं अंतर कुठूनही मोजा, तेवढंच.

राजवाड्याजवळचा

मला एक शंका आहे. अंतर कधी ऋण नसतं हे आपण लहानपणापासून ऐकतो. मग इथे उत्तरात −6, −5, −3 असे आकडे कसे काय चालतात? मॉड लावला की सगळं धन होतं ना? माझ्या मते उत्तर 0 ते 2 एवढंच लिहायला हवं. पुतण्यालाही मी असंच सांगितलं होतं.

सरळरेषा

शंका विचारलीत हे चांगलं केलंत, कारण ही गल्लत बरीच मुलं करतात. x हे अंतर नाही, x हा ठिकाणाचा आकडा आहे. अंतर आहे |x + 2|, आणि ते कधीच ऋण होत नाही.

आग्रा-मुंबई रस्ता डोळ्यासमोर आणा. पलासिया चौकाला शून्य म्हणा, देवासकडे जाताना धन आकडे आणि राऊकडे जाताना ऋण आकडे. राऊच्या बाजूला कोणी −3 वर उभा असेल तर तो −2 पासून किती लांब? 1 किलोमीटर. त्याच्या ठिकाणाचा आकडा ऋण आहे म्हणून अंतर ऋण होत नाही, आणि तो 4 किलोमीटरच्या आत आहे म्हणून उत्तरातून त्याला वगळताही येत नाही. x = −5 टाकून पाहा: 3(−5) + 6 = −9, मॉड 9, आणि 9 हे 12 पेक्षा कमीच आहे. पुतण्याला उत्तर पुन्हा लिहायला सांगा.

राजवाड्याजवळचा

समजलं सर. आजच सांगतो त्याला.

पीठमपूरकर

मी शिक्षक नाही, पीठमपूरला एका मशीन शॉपमध्ये तपासणी विभागात आहे. हा धागा वाचून वाटलं, आम्ही रोज हेच करतो. ड्रॉइंगवर 25 ± 0.05 असं लिहिलेलं असतं, म्हणजे तुमच्या भाषेत |d − 25| ≤ 0.05. मायक्रोमीटरवर 24.95 ते 25.05 आलं की माल पास.

पण माझी अडचण वेगळी आहे. सगळ्या ड्रॉइंगवर असं सारखं ± नसतं. शाफ्टला 25 g6 लिहिलेलं असतं. तक्त्यात त्याची मर्यादा −7 आणि −20 मायक्रॉन, म्हणजे शाफ्ट 24.980 ते 24.993 मिलिमीटर. आता |d − 25| काहीतरी लिहायला गेलो तर जमतच नाही. 25 तर या पट्ट्यात येतही नाही! मग हे अंतराच्या भाषेत बसत नाही असं समजायचं का?

सरळरेषा

फार सुंदर उदाहरण दिलंत. बसतं, आणि छान बसतं. तुमच्याकडे टोकं आहेत आणि केंद्र शोधायचंय, म्हणजे मंजूताईंच्या गणिताची उलटी वाट.

केंद्र म्हणजे दोन टोकांच्या बरोबर मधला बिंदू. 24.980 आणि 24.993 यांची बेरीज करून अर्धी केली की 24.9865. त्रिज्या म्हणजे पट्ट्याच्या रुंदीचा निम्मा: रुंदी 0.013, निम्मा 0.0065. म्हणून |d − 24.9865| ≤ 0.0065. ड्रॉइंगवर छापलेला 25 हा मापाचं नाव आहे. असमानतेचं केंद्र तो असेलच असं नाही, आणि इथे तर तो पट्ट्याच्या बाहेर पडलाय.

कोणताही बंद पट्टा असा एका मॉडमध्ये लिहिता येतो. ज्याला फक्त एकच टोक आहे तो मात्र नाही लिहिता येत. "निदान 24.98 हवं, वर कितीही चालेल" याला मध्यच नाही.

पीठमपूरकर

अरे वा. आमचे सीएनसीवाले प्रोग्रॅममध्ये 25 न टाकता मधला आकडाच टाकतात, म्हणजे टूल थोडं झिजलं किंवा मशीन थोडं इकडेतिकडे झालं तरी दोन्ही बाजूंना सारखी जागा राहते. मी त्याला नुसती सवय समजायचो. बरं, मग भोकासाठी 25 H7, म्हणजे 0 ते +21 मायक्रॉन. केंद्र 25.0105, त्रिज्या 0.0105. बरोबर?

सरळरेषा

अगदी बरोबर. आणि इथे 25 हे थेट डाव्या टोकावर बसलंय हेही बघा.

बडोदेकर_अनू (वडोदरा)

मी इथे अकरावी-बारावीला शिकवते. मोठ्याच्या चिन्हाबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहिते. |x + 2| ≥ 4 आलं की मुलं 4 ≤ x + 2 ≤ −4 असं लिहितात आणि पुढे 2 ≤ x ≤ −6 असं उत्तर काढतात. 2 पेक्षा मोठं आणि −6 पेक्षा लहान असं एकाच वेळी काहीच नसतं, पण साखळी दिसायला इतकी नीटनेटकी असते की त्यांना त्यात काही खटकत नाही. तिथे मी रेषा काढायला लावते. −2 पासून 4 किंवा त्याहून जास्त लांब असणारे बिंदू दोन वेगळ्या तुकड्यांत आहेत: −6 आणि त्याच्या डावीकडचे, किंवा 2 आणि त्याच्या उजवीकडचे. चित्रात दोन तुकडे दिसले की मुलं आपोआप "किंवा" लिहितात.

पण सरांशी माझा एका बाबतीत मतभेद आहे. मी केस आधी शिकवते, अंतर नंतर. आधी अंतर शिकवलं की मुलं चित्र पाहून उत्तर लिहून मोकळी होतात आणि पायऱ्या लिहीत नाहीत, मग गुण जातात.

झटपट११

अनू मॅडमशी सहमत. आणि अंतराची पद्धत एकाच मॉडला ठीक आहे, दोन मॉड आले की काय करणार? माझ्या क्लासमध्ये |x − 1| + |x − 6| < 4 दिलं होतं. आमची एक झटपट रीत आहे, दोन्ही आतून जोडून घ्या: |2x − 7| < 4, म्हणजे 3 < 2x < 11, उत्तर 1.5 ते 5.5. रेषेवर हे कसं करणार?

सरळरेषा

तुमची एका मॉडची साखळी निर्दोष आहे. उजवीकडे ऋण संख्या आली तरी ती खरं उत्तर देते, हे मी मान्य करतो. पण दोन मॉड असे जोडता येत नाहीत. तुमच्या उत्तरातलाच x = 3 घ्या: |3 − 1| = 2, |3 − 6| = 3, बेरीज 5. ती 4 पेक्षा कमी नाही. जोडून येणारी किंमत खऱ्या बेरजेइतकी किंवा तिच्याहून लहान असते, म्हणून खोटी उत्तरं आत शिरतात.

रेषेवर तर हे तोंडी होतं. |x − 1| + |x − 6| म्हणजे x चं 1 पासूनचं अंतर अधिक 6 पासूनचं अंतर. x जर 1 आणि 6 यांच्यामध्ये कुठेही असेल तर ही दोन अंतरं मिळून त्या दोघांमधला सगळा तुकडा भरतात, म्हणून बेरीज कायम 5. x एका पाऊलभर उजवीकडे सरकला की एक अंतर 1 ने वाढतं आणि दुसरं 1 ने घटतं, बेरीज तीच. x बाहेर गेला तर बेरीज 5 पेक्षा जास्त. म्हणजे 5 च्या खाली ती कधीच येत नाही. 4 पेक्षा कमी हवी असेल तर उत्तरच नाही, एकही x नाही.

आणि उजवीकडे 4 च्या जागी 9 असेल तर? मधल्या तुकड्यात बेरीज 5, म्हणजे तो सगळा चालतो. 6 च्या उजवीकडे गेलो की दोन्ही अंतरं एकत्र वाढतात, एका पावलाला 2. आपल्याकडे 9 − 5 = 4 शिल्लक आहेत, ते 2 पावलांत संपतात. म्हणून उजवीकडे 8 पर्यंत, आणि तसंच डावीकडे 1 पासून 2 पावलं, −1 पर्यंत. उत्तर −1 < x < 8. टोकावर ताळा: x = 8 ला 7 + 2 = 9. जमलं.

झटपट११

x = 3 टाकून पाहिलं, बरोबर आहे तुमचं. हा प्रश्न मुलांना पुन्हा करून देतो. पण मग हे सांगा: |2x − 3| < x. इथे उजवीकडे संख्याच नाही, x आहे. त्रिज्याच बदलत राहते. इथे तरी साखळी लागणार ना?

माळवी_मंजू

हा मीही करून पाहिला. साखळीनं −x < 2x − 3 < x, म्हणजे x > 1 आणि x < 3. रेषेवर मात्र मला काही सुचलं नाही.

सरळरेषा

उत्तर बरोबर आहे. अशा ठिकाणी मी स्वतः आधी साखळीच लिहीन, कारण केंद्र ठरलेलं असलं तरी त्रिज्या ठरलेली नाही, आणि "केंद्रापासून इतकं मोजा" हे करता येत नाही.

तरी वाचायचं झालं तर असं वाचा. आतला 2 बाहेर काढला की 2|x − 1.5| < x. डावी बाजू कधी ऋण नसते, म्हणून x धन असायलाच हवा, आणि धन x म्हणजे त्याचं शून्यापासूनचं अंतर. तेव्हा प्रश्न असा झाला: 1.5 पासूनच्या अंतराची दुप्पट केली तरी ती शून्यापासूनच्या अंतरापेक्षा कमी राहते, असे बिंदू कोणते? 1 वर दोन्ही सारखी होतात: 1.5 पासून 0.5, त्याची दुप्पट 1, आणि शून्यापासूनही 1. 3 वर पुन्हा सारखी: 1.5 ची दुप्पट 3. या दोघांच्या मधले बिंदू चालतात. पण एक गोष्ट बघा, 1 आणि 3 यांच्या मधोमध 2 येतो, 1.5 नाही. मॉड जिथे शून्य होतो तो बिंदू इथे उत्तराच्या मध्यावर नाही. म्हणून मंजूताई, मुलीला जो ताळा दिला होता त्यातला मध्याचा भाग उजवीकडे स्थिर संख्या असेल तेव्हाच वापरा. टोकांचा ताळा इथेही चालतो.

बडोदेकर_अनू

हे उदाहरण मी वर्गात नेईन. पण सर, माझा मुद्दा तसाच राहिला. उत्तरपत्रिकेत मुलानं नुसतं "−2 पासून 4 अंतराच्या आत" लिहिलं आणि थेट −6 ते 2 असं उत्तर लिहिलं, तर तपासणारा काय करणार?

सरळरेषा

मी तपासायचो तेव्हा पूर्ण गुण दिले असते, कारण तो युक्तिवाद पूर्ण आहे. माझ्या काही सहकाऱ्यांनी दिले नसते, हेही खरं. म्हणून मी मुलांना सांगायचो, 3|x + 2| ≤ 12 आणि |x + 2| ≤ 4 या दोन ओळी लिहाच, मग रेषा काढा. क्रमाबद्दल मात्र मी माझ्या मतावर ठाम आहे. अंतर आधी कळलं की केस कशासाठी करायच्या हे मुलाला माहीत असतं.

बडोदेकर_अनू

आणि केस आधी आल्या की चित्र आंधळेपणानं काढलं जात नाही. मंजूताईंच्या मुलीचं तेच झालं होतं ना? केस करता येत होत्या म्हणून तर चूक पकडली.

माळवी_मंजू

चूक खरं तर 6 टाकून पाहिल्यावर पटली, पण केसचं उत्तर समोर होतं म्हणूनच टाकून पाहिलं, हेही खरं. आज तिनं स्वतः एक बनवलंय, |4 − 2x| > 10. 2 बाहेर काढून |x − 2| > 5, म्हणजे −3 च्या डावीकडे किंवा 7 च्या उजवीकडे. टोकं टाकून दोन्हीकडे 10 आले, म्हणून ती दोन टोकं उत्तरात न घेता पोकळ गोल काढलेत. आता ती विचारतेय, तीन मॉड असतील, |x − 1| + |x − 6| + |x − 10|, तर बेरीज सगळ्यात कमी कुठे होईल? मी म्हटलं 1 आणि 10 च्या मधोमध, 5.5 वर. ती म्हणते 6 वर.

पीठमपूरकर

5.5 वर 4.5 + 0.5 + 4.5 = 9.5. 6 वर 5 + 0 + 4 = 9. मुलगी बरोबर दिसते. चार बिंदू असतील तर?